मदत हवी आहे: मंगळवारी निघतोय, ओटीपी आले पाहिजेत आणि बिल येता कामा नये

घाईतला_गडी (शनिवार, रात्री 11:20)

मंगळवारी पहाटे विमान आहे, 12 दिवसांनी परत. नेहमीचा नंबर बंद पडून चालणार नाही, बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. मागच्या वेळी बाहेर गेलो तेव्हा एकही कॉल उचलला नाही, एकही केला नाही, तरी परत आल्यावर बिल पाहून डोळे पांढरे झाले. कंपनीशी भांडलो, काही उपयोग झाला नाही.

ऑफिसातला एक जण छातीठोकपणे सांगतोय की वायफाय कॉलिंग चालू ठेवलं की रोमिंग लागतच नाही. खरं आहे का? की तिथलं सिम घ्यावं? लवकर सांगा. लिंका देऊ नका, वाचायला वेळ नाही.

मृदुला_क

कुठे निघालात? फोन कोणता? दोन सिमचा आहे का? लॉक्ड आहे का? एवढं सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

रानवाटा

पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवा, सामानात टाकू देत नाहीत. आणि तिथल्या सॉकेटसाठी अ‍ॅडाप्टर घ्या. मी विसरले होते.

घाईतला_गडी

@रानवाटा, अहो सिमबद्दल विचारलंय.
@मृदुला_क, व्हिएन्ना 7 दिवस, मग ट्रेनने झुरिक. आयफोन आहे, एक साधं सिम आणि ई-सिम चालतं. लॉक्ड आहे का, म्हणजे एकाच कंपनीचं सिम घेतो का, ते माहीत नाही, रोख पैसे देऊन घेतलाय.

सदा_प्रवासी

मग चिंताच मिटली. युरोपात 2017 पासून रोमिंग फुकट आहे. कुठल्याही एका देशाचं सिम घ्या आणि सगळीकडे फिरा. मी तीनदा जाऊन आलोय.

टॉवरखालचा

@सदा_प्रवासी, अर्धं बरोबर आहे. तो नियम युरोपीय संघातल्या सिमसाठी आहे, बाहेरून येणाऱ्या आपल्या सिमला त्याचा काही उपयोग नाही. शिवाय स्वित्झर्लंड त्या संघात नाही. ऑस्ट्रियातलं सिम झुरिकला चालेलही, पण त्या प्लॅनमध्ये स्वित्झर्लंड धरलेलं असेल तरच, नाहीतर तिथे वेगळा दर लागतो. नुसतं 'युरोप' लिहिलेलं पाहून पैसे देऊ नका, देशांची यादी उघडून स्वित्झर्लंड हा शब्द डोळ्यांनी बघा. तुमची ट्रेन मधे थोडा वेळ लिश्टेनश्टाइनमधूनही जाते, तेव्हा यादी बघताना तेही बघून ठेवा.

गडीसाहेब, मागचं बिल अजून आहे का? नुसती रक्कम नको. तपशिलाचं पान काढा आणि कॉलच्या वेळा बघा. माझा एक अंदाज आहे.

सदा_प्रवासी

मला तर कधीच वेगळा दर लागला नाही.

टॉवरखालचा

तुम्ही झुरिकला गेला होतात का?

सदा_प्रवासी

नाही. पॅरिस, रोम, प्राग.

घाईतला_गडी (रविवार, सकाळी)

बिल सापडलं. विचित्र प्रकार आहे. सकाळी 9:14 ला एक 'इनकमिंग' आणि त्याच 9:14 ला एक 'आउटगोइंग', तोही मायदेशातल्या एका नंबरवर जो माझ्या ओळखीचाच नाही. अशा सहा जोड्या आहेत. शिवाय एक एसएमएस परदेशी नंबरला गेलेला दिसतोय, मी पाठवलेलाच नाही!

टॉवरखालचा

हेच वाटलं होतं. तो अनोळखी नंबर तुमच्या व्हॉइसमेलचा.

काय झालं ते सांगतो. तुमचा फोन परदेशातल्या नेटवर्कला जोडलेला होता. मायदेशातून कोणीतरी तुम्हाला फोन केला. तो कॉल आधी तुमच्या कंपनीकडे आला, तिने तो परदेशात पाठवला. हे तुमचं रोमिंगचं इनकमिंग. तुम्ही उचललं नाही. न उचललेला कॉल व्हॉइसमेलला वळवायचा अशी सोय तुमच्या नंबरवर आधीपासूनच चालू असणार, म्हणून तोच कॉल परदेशातून उलटा मायदेशी गेला. हे तुमचं आउटगोइंग. म्हणजे कॉल समुद्र ओलांडून आला, हात हलवत परत गेला, आणि दोन्ही खेपांचं भाडं तुमच्या माथी. कॉल कापला तरी तेच होतं. फोन पूर्ण बंद असता तर बहुतेक वेळा कॉल मायदेशातल्या मायदेशातच वळला असता.

निघण्याआधी, मायदेशातच, फोनच्या डायलरवर हे लावा. पहिल्याने न उचललेला कॉल कुठे वळतो ते दिसतं, दुसऱ्याने अशा सगळ्या सशर्त वळवण्या रद्द होतात:

```
*#61#
##004#
```

मग परत पहिला कोड लावून वळवणं गेलं का ते बघा. काही कंपन्या हा कोड मानत नाहीत. तसं झालं तर कस्टमर केअरला सांगून काढून घ्या.

एसएमएसचं कोडं सोपं आहे. तिथे गेल्यावर सिम काढून परत घातलं होतंत का? आयमेसेज नंबर पडताळायला आपला आपणच एक एसएमएस पाठवतो, तो परदेशी नंबरला जातो.

घाईतला_गडी

हो! तिथलं सिम घालून बघितलं होतं, मग परत आपलं घातलं. कमाल आहे. कंपनीच्या माणसाने हे सांगितलं असतं तर मी एवढा भांडलो नसतो.

खवचट_खान

सांगितलं असतं तर पुढच्या वेळी बिल कसं आलं असतं?

मृदुला_क

मग वायफाय कॉलिंगचं काय? माझा अनुभव सांगते. मी 8 दिवस हॉटेलच्या वायफायवरून घरी रोज बोलले, एक पैसा लागला नाही. माझ्या मते तोच उत्तम उपाय. तिथलं सिम, ई-सिम वगैरे भानगडीच नकोत.

टॉवरखालचा

मृदुलाताई, तुमच्या कंपनीने परदेशातून केलेला वायफाय कॉल घरचा कॉल धरला असणार. काही कंपन्या तो रोमिंग धरतात, काही परदेशातून तो चालूच देत नाहीत. हे फक्त त्याच कंपनीला विचारून कळतं. आणि घरचा धरला तरी व्हिएन्नातल्या हॉटेलला फोन लावलात तर तो 'मायदेशातून परदेशी केलेला कॉल' म्हणून मोजला जातो. हॉटेल समोरच दिसत असलं तरी.

गडीसाहेबांच्या सहकाऱ्याचं चुकतं ते दुसरीकडेच. वायफाय कॉलिंग चालू आहे म्हणजे कॉल वायफायवरूनच येईल असं नाही. रोमिंगचं नेटवर्क चांगलं मिळत असेल तर फोन तेच पकडू शकतो. आयफोनमध्ये रोमिंगमध्ये वायफायला प्राधान्य द्यायचं एक बटण वायफाय कॉलिंगच्या पानावरच आहे, ते चालू करा. खात्रीच हवी असेल तर विमान मोड चालू करायचा आणि त्यावर फक्त वायफाय चालू करायचं. मग रोमिंगला जागाच उरत नाही.

हे आज घरीच करून बघा. विमान मोड, वायफाय, आणि कोणालातरी फोन. लागला तर वायफाय कॉलिंग खरंच चालू आहे. नाही लागला तर तिथे जाऊनही लागणार नाही. ही सोय बऱ्याच कंपन्यांकडे मायदेशात असतानाच चालू करून घ्यावी लागते.

जहाजावरचा_दादू

माझं ऐका. मी जहाजाने गेलो होतो, किनारा दिसेनासा झाला आणि फोनने जहाजाचं नेटवर्क पकडलं, ते उपग्रहावरून चालतं. बिल पाहून बायको म्हणाली, पुढच्या वेळी पोहत जा.

खवचट_खान

दादू, हे विमानाने चाललेत.

घाईतला_गडी (रविवार, रात्री)

विमान मोडमधून बहिणीला फोन लागला! वायफाय कॉलिंग आहे म्हणजे. आता ई-सिम घेतलं, यादीत स्वित्झर्लंड बघून. क्यूआर स्कॅन केला, पण बार येईनात, 'सेवा नाही' दिसत होतं. बिघडलं वाटून काढून टाकलं. आता परत स्कॅन केलं तर घेतच नाही. काय करू?

टॉवरखालचा

अरेरे. काढायला नको होतं. ते व्हिएन्नात चालणारं आहे, इथे बार येतील कुठून? क्यूआर बहुतेक वेळा एकदाच चालतो. विक्रेत्याला लगेच लिहा, काही जण नवा कोड देतात. आणि त्यांनाच विचारा की दिवस कधीपासून मोजतात, फोनमध्ये घातल्यापासून की तिथल्या नेटवर्कला पहिल्यांदा जोडल्यापासून. दोन्ही प्रकार असतात.

सदा_प्रवासी

म्हणूनच सांगतो, पासपोर्ट दाखवून तिथलं प्लास्टिकचं सिम घ्या. डोळ्यांना दिसतं, हाताला लागतं.

मृदुला_क

आणि ते घालायला फोनमधलं सिम काढावं लागेल. मग ओटीपी कुठे येणार, हाताला?

घाईतला_गडी (सोमवार)

नवा क्यूआर मिळाला. घातला, आता हात लावत नाही. ##004# पण झालं.

घाईतला_गडी (मंगळवार, संध्याकाळी)

व्हिएन्ना विमानतळावरून लिहितोय, इथल्या वायफायवर. ई-सिमला बार पूर्ण आलेत, इंटरनेट नाही! डेटासाठी ई-सिमच निवडलंय. लवकर सांगा, वायफाय सुटेल.

टॉवरखालचा

ई-सिमच्या लाइनवर डेटा रोमिंग चालू आहे का?

घाईतला_गडी

नाही! रोमिंग तर जाणूनबुजून बंद केलंय दोन्हीकडे. त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप ना?

टॉवरखालचा

दोन लाइनचं रोमिंगचं बटण वेगवेगळं असतं. प्रवासी ई-सिम बहुधा तिसऱ्याच देशातल्या कंपनीचं असतं, ऑस्ट्रियात ते पाहुणंच. त्याच्या लाइनवर डेटा रोमिंग चालू करा, त्याचं बिल येत नाही, तुम्ही आधीच पैसे दिलेत. घरच्या लाइनवर मात्र बंदच ठेवा.

घाईतला_गडी

आलं!! मेसेज धडाधड यायला लागले. आणि वर घरच्या सिमसमोरही वायफाय कॉलिंगचं नाव दिसतंय, इथलं वायफाय बंद केलं तरी. हे कसं?

टॉवरखालचा

घरची लाइन आता ई-सिमचा डेटा वायफायसारखा वापरतेय. छान झालं, ओटीपी त्यातूनही येऊ शकतात. सेल्युलर डेटा स्विचिंग चालू ठेवलंयत ना?

मृदुला_क

ते बंद ठेवायला सांगा! कॉल चालू असताना डेटा घरच्या सिमवर उडी मारतो, मी वाचलंय.

टॉवरखालचा

घरच्या लाइनवर डेटा रोमिंग बंद असेल तर उडी मारून जाणार कुठे?

मृदुला_क

तरी मी बंदच ठेवीन.

घाईतला_गडी (बुधवार)

बँकेचा ओटीपी आला. दुसऱ्या बँकेचा आला नाही. दोन्ही एकाच नंबरवर. विमान मोड चालू करून फक्त वायफायवर बघितलं, तरी नाही. विमान मोड काढून 5 मिनिटं थांबलो, मग आला, पण तोवर मुदत संपली होती.

टॉवरखालचा

काही बँकांचे मेसेज वायफाय कॉलिंगच्या वाटेने येत नाहीत, त्यांना खरं नेटवर्क लागतं. त्या बँकेसाठी घरचं सिम नेटवर्कवर मोकळं ठेवा. रोमिंगमध्ये एसएमएस येणं बऱ्याच कंपन्यांकडे फुकट असतं, तुमच्या कंपनीला एकदा विचारा. मेसेजला उत्तर मात्र देऊ नका.

घाईतला_गडी

विचारतो. त्यांच्या कस्टमर केअरला वायफायवरून फोन लावला तर तो कसला मोजतील?

खवचट_खान

हा प्रश्न त्यांनाच विचारा.