अनुभव धागा : रात्रीची खोली – वास, आवाज आणि मंद उजेड

शमिका_वाई
परवा माठात टाकायला मंडईतून वाळ्याची जुडी आणली. धुवायला घेतली, पहिलं पाणी मातकट निघालं आणि तो वास हाताला लागला, तशी मी नळ बंद करून ओट्यापाशीच उभी राहिले. वाईला मे महिन्यात आजीच्या माडीवर आम्ही सात-आठ भावंडं ओळीने झोपायचो. आजी वाळ्याच्या पंख्यावर पाण्याचा हबका मारायची, कंदिलाची वात इतकी खाली करायची की काचेत नखाएवढी ज्योत उरायची, आणि पंखा हलवत बसायची. दांडी तिच्या बांगडीवर आपटायची, टक टक टक. चौथ्या-पाचव्या टकटकीला मी झोपलेली असायचे.

गेल्या वर्षी आई गेली. त्यानंतर दिवेलागणीनंतर बेडरूममध्ये शिरलं की छातीत धडधडायचं. मग मी एका दिवसात सगळंच बदललं होतं. लॅव्हेंडरचा डिफ्यूझर, रंग बदलणारी दिव्यांची पट्टी, मोबाइलवर पावसाचा आवाज. तिसऱ्या रात्री डोकं दुखायला लागलं, आणि नेमकं कशाने ते कळेना. म्हणून सगळं काढलं आणि दर पंधरवड्याला एकच गोष्ट परत आणली.

पहिला उजेड. नऊ वाजता ट्यूब बंद. पाच वॅटचा पिवळा दिवा पलंगाच्या मागे जमिनीवर, तोंड भिंतीकडे. दिवा डोळ्याला दिसत नाही, नुसती भिंत उजळते. धडधड याने सगळ्यात जास्त कमी झाली. मग वास : मूठभर वाळा भिजवून, घट्ट पिळून, पितळी वाटीत खिडकीशी ठेवते. पंखा दोनवर.

आवाजाचं मात्र जमलेलं नाही. आमची खोली चौकाकडे आहे, सिग्नल सुटला की अकरापर्यंत हॉर्न. तुम्ही काय करता? वासाचं-उजेडाचंही लिहा.

मनू७
आईबद्दल वाचून वाईट वाटलं गं. बांगडीची टकटक अगदी ऐकू आली. भाजी गॅसवर आहे, रात्री लिहिते.

दिवेवाले काका
तीस वर्षं वायरिंगची कामं केली, म्हणून थोडं सांगतो. शमिकाताई, तुम्ही दिवा लपवलात हे सगळ्यात चांगलं केलंत. लोक नुसता पिवळा दिवा आणतात आणि छताच्या मधोमध लावतात. आडवं पडल्यावर तो थेट डोळ्यात येतो. खोक्यावर केल्विनचा आकडा असतो तो बघा. आपल्याकडच्या बहुतेक ट्यूब ६५०० च्या, म्हणजे भर दुपारचा पांढरा उजेड. झोपायच्या खोलीला २७०० घ्या, नाही मिळाला तर ३०००.

दुसरं म्हणजे, उजेड कमी-जास्त करायला साधा एलईडी रेग्युलेटरवर लावू नका. तो लुकलुकतो. कधी डोळ्याला दिसतं, कधी दिसत नाही आणि नुसतं डोकं जड होतं. दिव्यासमोर हाताची बोटं पसरून भराभर हलवा. बोटं सलग पुसट दिसली तर ठीक, तुटक तुटक चार-सहा वेगळी बोटं दिसली तर तो दिवा लुकलुकतोय. तुमच्या त्या रंगीत पट्टीवर करून बघा.

शमिका_वाई
काका, आत्ता माळ्यावरून पट्टी काढून लावली आणि बोटं हलवली. तुटक दिसतात! म्हणजे डोकेदुखी लॅव्हेंडरची नव्हती की काय?

दिवेवाले काका
पट्टीची असू शकते, पण वासाचंही नाकारू नका. पट्टीशिवाय एक रात्र लॅव्हेंडर लावून बघा, मगच ठरवा.

ओंकार_ठाणे
यात इतकं काही नाही. पिवळा दिवा असला की पुरे, मग कितीही वॅटचा चालतो. त्रास निळ्या उजेडाचा असतो. मी मोबाइलचा स्क्रीनही पिवळा करून ठेवलाय, एक वाजेपर्यंत बघतो.

दिवेवाले काका
अर्धं बरोबर आहे ओंकार. निळा भाग जास्त जागं ठेवतो हे खरं, पण पिवळाही भगभगीत असला तर मेंदूला दिवसच वाटतो. रंग आणि प्रखरता दोन्ही उतरवावं लागतं. आणि एक वाजेपर्यंत तू जे बघतोस, ते पिवळं झालं तरी तेच राहतं ना बाळा.

ओंकार_ठाणे
ते मान्य काका.

पिंपळपान
झिरोचा बल्ब लावा. वीज शून्य लागते.

दिवेवाले काका
नाव झिरो, पण जुना तारेचा असेल तर १२ ते १५ वॅट खातो. आता अर्ध्या वॅटचे एलईडी मिळतात, पण पांढरा घेऊ नका, पिवळा किंवा लाल घ्या.

नलूताई_नाशिक
मी रोज संध्याकाळी बेडरूममध्ये कापूर आणि धूप लावून दार बंद करते. हवा शुद्ध होते, झोप छान लागते. रसायनांपेक्षा आपलं पारंपरिक बरं.

अद्वैतची आई
नलूताई, रागावू नका, पण कळकळीने लिहितेय. माझ्या मुलाला दमा आहे. त्याच्या खोलीत रोज धूप व्हायचा आणि रात्री दोनला खोकल्याची ढास लागायची. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, घरात काय काय जाळता? सुवासिक असला तरी धूर तो धूरच, आणि बंद खोलीत कुठे जाणार? आता धूप देवघरातच, खिडकी उघडी ठेवून, झोपायच्या दोन तास आधी. बेडरूममध्ये काहीच जळत नाही, मच्छर अगरबत्तीसुद्धा नाही. खोकला पूर्ण गेला नाही, पण दोनची ढास थांबली. आणि कापराची वडी लहान मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका, पोटात गेली तर फार घातक असते.

नलूताई_नाशिक
रागवायचं काय त्यात. माझ्या घरात आम्ही दोघंच म्हातारे, त्रास असा जाणवला नाही. पण ह्यांना सकाळी घसा खवखवतो खरा. दार उघडं ठेवून बघते आठवडाभर.

वाटसरू
वाळा कुठे मिळेल? डोंबिवलीत.

मनू७
आले. @वाटसरू, उन्हाळ्यात माठवाल्यांकडे विचारा, नाहीतर काष्ठौषधीच्या दुकानात बारा महिने असतो.

माझा अनुभव मोगऱ्याचा. संध्याकाळी टपोऱ्या कळ्या घ्यायच्या, उमललेला गजरा नाही. ओल्या रुमालात ठेवायच्या आणि झोपायच्या अर्धा तास आधी उथळ वाटीत पाण्यावर सोडायच्या. खोलीत दहा-बारा कळ्या पुरतात. मी आधी ओंजळभर ठेवायचे, कारण थोड्या वेळाने वासच येईनासा व्हायचा. मग एकदा पाणी प्यायला बाहेर जाऊन परत आले तर खोली नुसती घमघमत होती! वास कुठे गेलाच नव्हता, माझं नाक त्याला सरावलं होतं. तेव्हापासून वास येत नाही म्हणून वाढवत नाही. बाहेर जाऊन येते आणि मग ठरवते.

शमिका_वाई
अगं, हेच! मी डिफ्यूझरमध्ये तीन थेंबांवरून दहावर गेले होते, वास येत नाही म्हणून.

दिवेवाले काका
मग डोकेदुखीचे दोन्ही आरोपी हजर आहेत.

रेवा_न्यूजर्सी
आमच्याकडे जूनमध्ये रात्री आठला लख्ख उजेड. मुलं म्हणतात, आई, अजून दुपार आहे. खिडकीला जाड काळे पडदे लावले तेव्हा कुठे संध्याकाळ झाली. वासाला आईने पाठवलेल्या चंदनाच्या खोडाचा तुकडा. सहाणेवर चार वेढे उगाळून ते गंध मुलांच्या मनगटाला लावते. उगाळायचा तो खरखर आवाजच त्यांना झोपेची खूण झालाय.

माऊची मावशी
डिफ्यूझरवाल्यांनो, घरात मांजर असेल तर जपून. निलगिरी, टी ट्री अशी तेलं मांजरांना बाधतात, त्यांच्या यकृताला ती पचत नाहीत. आमची मांजर चिमणी दोन दिवस लाळ गाळत होती आणि आम्हाला कारणच कळेना.

मनू७
अरे देवा. आता बरी आहे ना?

माऊची मावशी
ठणठणीत. आत्ता माझ्या उशीवर आहे. तिची घुरघुर हाच माझा झोपेचा आवाज.

तंबोरा
शमिकाताई, आवाजाबद्दल. मी हायवेलगत राहतो. हॉर्न बंद करता येत नाही, पण शांतता आणि हॉर्न यांतलं अंतर कमी करता येतं. आपण दचकतो ते त्या अंतरामुळे. खोलीत आधीच एकसारखा आवाज भरलेला असला की हॉर्न त्यात बुडतो. पंखा दोनवरून तीनवर नेऊन बघा, थोडा फरक त्यानेच पडेल.

पावसाचं रेकॉर्डिंग मी सोडलं. दहा मिनिटांची फीत पुन्हा पुन्हा वाजते. जोड येतो तिथे एक थेंब दर वेळी त्याच जागी पडतो. एकदा कानाने तो पकडला की तुम्ही झोपायच्या ऐवजी त्याची वाट बघत बसता. शिवाय मध्येच जाहिरात लागली तर संपलंच.

मी तानपुरा लावतो, खालच्या पट्टीत. त्यात शब्द नाहीत, ताल नाही, पुढे काय येणार याची उत्सुकता नाही. स्पीकर उशाशी ठेवू नका. खिडकी आणि तुमचं डोकं यांच्या मध्ये, खिडकीच्या कट्ट्याखाली ठेवा, म्हणजे दोन्ही आवाज एकाच बाजूने येतील. आवाज एवढाच, की शेजारच्याशी बोलताना स्वर चढवावा लागू नये. पाऊण तासाचा टायमर.

अद्वैतची आई
टायमर संपला की आम्हाला जाग येते. एकदम शांत होतं म्हणून.

तंबोरा
मग रात्रभर पंखाच बरा. माझं जमतं, प्रत्येकाचं जमेलच असं नाही.

सुहास_परळ
मी गाणं शिकलोय, मला तानपुरा लागला की झोप उडते. मन लगेच सा लावायला जातं. मला पूर्ण शांतताच लागते, कानात कापसाचे बोळे.

जाई_डहाणू
सैंधव मिठाचा दिवा कोणी वापरतं का? माझ्याकडे आहे, उजेड सुंदर, केशरी. पण पावसाळ्यात त्याला पाणी सुटलं, टेबलाचं पॉलिश गेलं. खराब निघाला का?

दिवेवाले काका
खराब नाही. मीठ हवेतलं पाणी ओढतं, आणि डहाणूची हवा म्हणजे काय विचारता. त्यात आधी १५ वॅटचा तारेचा बल्ब असणार, त्याच्या उबेने मीठ कोरडं राहतं. तुम्ही एलईडी घातलात का?

जाई_डहाणू
हो! वीज वाचावी म्हणून. तुम्हाला कसं कळलं?

दिवेवाले काका
एलईडीला ऊब नाही, म्हणून पाझरतो. खारट पाणी होल्डरमध्ये उतरलं तर शॉकची भीती. आज पिन काढून ठेवा. होल्डर पुसून नीट वाळवा, गंज दिसला तर बदला. जून ते सप्टेंबर तो दिवा पिशवीत बांधून कपाटात.

शमिका_वाई
@तंबोरा, काल पंखा तीनवर आणि खिडकीखाली तानपुरा. साडेदहाचे हॉर्न ऐकू आले, पण दचकले नाही. पंखा वाढवल्यावर वाळा मात्र तासाभरात सुकला, वास गेला.

मनू७
मग परत ओला कर की.

शमिका_वाई
भीती वाटते, मागे सलग तीन रात्री ओला ठेवला तर कुबट वास आला होता.

मनू७
दोन जुड्या कर. एक वाटीत, एक गच्चीवर उन्हात. रोज अदलाबदल.

वाटसरू
डोंबिवलीत माठवाल्याकडे मिळाला. धुताना काळं पाणी निघतंय, बरोबर ना?

शमिका_वाई
बरोबर. ती मातीच आहे, स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा. चार पाण्यांनी माझा साफ झाला.