शब्दचर्चा: ‘प्रिव्हिटी ऑफ कॉन्ट्रॅक्ट’ला मराठीत काय म्हणावं?

अनुवादिनी

एका दिवाणी निकालपत्राचा मराठी अनुवाद तपासायला आला आहे. त्यात ‘प्रिव्हिटी ऑफ कॉन्ट्रॅक्ट’ला आधीच्या अनुवादकाने ‘कराराची गोपनीयता’ असं लिहिलंय. वाचणाऱ्याला वाटेल, करार गुप्त ठेवायचा होता. निकालात तसं काहीच नाही.

नावं-गावं बाजूला ठेवून नमुना सांगते. दोन भावांचं दुकान. थोरल्याने आपला हिस्सा धाकट्याला लिहून दिला. त्याबदल्यात धाकट्याने थोरल्याला कागदावर कबूल केलं की आपल्या विधवा आत्याला ती असेपर्यंत दरमहा 8,000 रुपये देईन. काही काळ दिले, मग बंद केले. आत्याने दावा लावला. धाकटा म्हणतो, तुझी-माझी ‘प्रिव्हिटी’च नाही. म्हणजे नेमकं काय नाही?

माळरान

‘गोपनीयता’ चूकच आहे, ‘प्रायव्हसी’शी गल्लत झालेली दिसते. माझ्या समजुतीप्रमाणे अर्थ असा: ज्याने मोबदला दिला नाही, त्याला करारावर दावा लावता येत नाही. हिस्सा थोरल्याने सोडला, आत्याने काहीच दिलं नाही. म्हणून तिचा दावा टिकत नाही. ‘मोबदला-संबंध’ असा शब्द कसा वाटतो?

दिवाणी सातारकर

माळरान, तुम्ही सांगताय तो नियम इंग्लंडचा आहे. तिथे 1861 साली ट्वेडल विरुद्ध ॲटकिन्सन हा खटला झाला. मुलाचे वडील आणि मुलीचे वडील यांनी आपसांत ठरवलं की दोघांनी मुलाला ठरावीक रक्कम द्यायची. सासऱ्याने न देताच डोळे मिटले. जावयाने सासऱ्याच्या इस्टेटीवर दावा लावला आणि हरला, कारण मोबदला त्याच्याकडून आलेला नव्हता.

आपल्याकडे तसं नाही. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 2(घ) मध्ये मोबदला ‘वचन घेणाऱ्याने किंवा अन्य कोणीही’ दिलेला चालतो. म्हणून आत्याने दमडीही दिली नाही, हा धाकट्याचा बचाव होऊच शकत नाही.

त्याची खरी हरकत वेगळी आहे. आपल्या जुन्या दस्तांत ती फार स्वच्छ दिसते. दस्ताच्या डोक्यावर दोन माणसं असतात: ‘लिहून घेणार’ आणि ‘लिहून देणार’. धाकटा लिहून देणार, थोरला लिहून घेणार. आत्याचं नाव मजकुरात आहे, पण ती लिहून घेणार नाही. वचन तिच्याविषयी आहे, तिला दिलेलं नाही. प्रिव्हिटी म्हणजे हे लिहून देणार-घेणार नातं. ते ज्याच्याशी नाही, तो करारापुरता परका.

1882 चा मद्रासचा चिन्नया विरुद्ध रामय्या हा निकाल यासाठीच वाचावा. एका बाईने मुलीला जमीन बक्षीस दिली आणि आपल्या भावंडाला दरसाल ठरावीक रक्कम देत जा, असं सांगितलं. मुलीने त्याच दिवशी त्या भावंडाला वेगळा कागद लिहून दिला. पुढे पैसे थकवले आणि म्हणाली, यांच्याकडून मला काय मिळालं? कोर्टाने तिचं म्हणणं फेटाळलं. मोबदला आईकडून आला तरी चालतो, आणि वचन तर थेट त्या भावंडालाच दिलेलं होतं. तुमच्या आत्याच्या हातात असा दुसरा कागद नाही. सगळा फरक तिथे आहे.

माळरान

हे मला नवीन होतं, ‘मोबदला-संबंध’ मागे घेतो. पण मग आत्या हरलीच म्हणायची?

दिवाणी सातारकर

नाही. आता सगळं दस्ताच्या शब्दांवर आणि घरातल्या वागण्यावर येतं.

आधी सरळ वाट. थोरला जिवंत असेल तर तो स्वतः दावा लावू शकतो, कारण वचन त्याला दिलेलं आहे. त्याचं स्वतःचं नुकसान काहीच नाही, मग भरपाई कसली मागणार, असा पेच येतो. इंग्लंडमध्ये 1967 साली बेस्विकच्या खटल्यात हाच पेच होता. कोळशाच्या व्यापाऱ्याने धंदा पुतण्याला दिला आणि आपल्यामागे बायकोला आठवड्याला पाच पौंड द्यायचे ठरवून घेतले. पुतण्याने एकदा दिले आणि थांबला. विधवा स्वतःच्या नावाने जिंकू शकत नव्हती, पण नवऱ्याच्या इस्टेटीची प्रशासक म्हणून तिला वचनाचं प्रत्यक्ष पालन करून घेता आलं. म्हणजे ती नवऱ्याच्या जागी, लिहून घेणार म्हणून उभी राहिली.

तुमच्या निकालात थोरला हयात आहे का? आणि दस्तात ‘दुकानाच्या उत्पन्नातून’ किंवा ‘दुकानावर बोजा राहील’ असं काही आहे का?

सुपारीवाला

मध्येच विचारतो. आमच्या सोसायटीने गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम कंत्राटदाराला दिलं. पहिल्याच पावसात माझ्या बेडरूमचं छत गळलं. कंत्राटदार म्हणतो, करार सोसायटीशी, तुमच्याशी बोलायला मी बांधील नाही. हेच का ते? म्हणजे मी गप्प बसायचं?

दिवाणी सातारकर

करारावर बोट ठेवून तुम्ही एकट्याने त्याला खेचू शकत नाही, एवढं त्याचं बरोबर आहे. त्या वाटेने सोसायटीनेच जायचं. पण काम निष्काळजीपणे करून दुसऱ्याच्या घराची हानी केली, ही तक्रार करारातून येत नाही, त्यामुळे तिला प्रिव्हिटी आडवी येत नाही. शिवाय 2019 च्या ग्राहक कायद्यात सेवा ज्याने पैसे देऊन घेतली त्याच्या संमतीने तिचा लाभ घेणाराही ग्राहक धरला आहे. सभासद त्यात बसतो का, हे तुमच्या वकिलाशी बोला. आत्याचा प्रश्न मात्र वेगळा आहे. तिची हानी कोणी केलेली नाही, तिला कबूल केलेलं मिळालं नाही.

अनुवादिनी

थोरला वारला, दाव्याच्या आधीच. त्याचे वारस धाकट्याच्या बाजूने आहेत. दस्ताचं शीर्षक ‘कौटुंबिक व्यवस्थापत्र’ आहे, कारण दुकानात कोणाचा किती हिस्सा यावर भावांचा वाद होता. आणि हो, ‘सदर दुकानाचे उत्पन्नातून’ हे शब्द आहेत. ‘बोजा’ हा शब्द नाही.

दिवाणी सातारकर

मग आत्याची बाजू बरीच भक्कम आहे. 1963 च्या विशिष्ट साहाय्य कायद्याचं कलम 15(ग) पाहा. विवाहाच्या निमित्ताने केलेली व्यवस्था असेल, किंवा एकाच कुटुंबातल्या माणसांनी वादग्रस्त हक्कांबद्दल केलेली तडजोड असेल, तर तिच्याखाली ज्याला लाभ ठरवून दिला आहे तो पालनाचा दावा लावू शकतो. सही नसली तरी. हिश्श्याचा वाद खरोखर होता आणि तो मिटवताना आत्याची सोय ठरली, हे सिद्ध व्हायला हवं. नुसतं शीर्षक ‘कौटुंबिक’ असून भागत नाही. साध्या विक्रीच्या कागदावर तसं नाव टाकलं तरी कोर्ट आतला व्यवहारच पाहतं.

दुसरा आधार मालमत्तेचा. इंग्रजी अमलात हिंदुस्तानातल्या खटल्यांचं शेवटचं अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जाई. तिने 1910 साली ख्वाजा मुहम्मद खान विरुद्ध हुसैनी बेगम हा खटला निकाली काढला. 1877 मध्ये वर-वधू दोघेही अज्ञान, म्हणजे वयात न आलेले, असताना वराच्या वडिलांनी वधूच्या वडिलांशी करार केला की सुनेला दरमहा 500 रुपये ‘खर्च-ए-पानदान’ म्हणजे हातखर्च देईन, आणि त्यासाठी विशिष्ट मिळकती नेमून दिल्या. पुढे सून सासर सोडून गेली. सासरा म्हणाला, करार तिच्या बापाशी. कौन्सिलने ते ऐकलं नाही. रक्कम मिळकतीवर बांधलेली होती आणि लाभाची धनी तीच होती. शिवाय जिथे अज्ञान मुलांची लग्नं आईबाप ठरवतात, तिथे इंग्लंडचा नियम जसाच्या तसा लावला तर मोठा अन्याय होईल, असंही स्पष्ट म्हटलं. आपल्याकडे लेकीबाळींना चोळी-बांगडीसाठी जमिनीचं उत्पन्न लावून देत, त्याचीच ही बहीण. कोणाला तरी जगवण्यासाठी केलेला करार त्या माणसालाच परका म्हणून दाराबाहेर ठेवतो, हे मला आजही सोसत नाही.

फाईलबंद

मी बँकेच्या वसुली खात्यात होतो. आम्हाला याच्या उलट अनुभव आहे. कर्जदाराने गहाण मिळकत विकली, खरेदीदाराने खरेदीखतात लिहून दिलं की बँकेचं कर्ज मी फेडीन. खरेदीदाराला नोटीस काढली तर उत्तर आलं, तुमच्याशी माझा करार नाही. आमच्या वकिलांनी मान डोलावली. आत्याला मिळतं ते बँकेला का नाही?

दिवाणी सातारकर

कारण खरेदीदाराने ते वचन विकणाऱ्याचं ओझं हलकं करायला दिलं, बँकेच्या भल्यासाठी नाही. जमनादास विरुद्ध रामअवतार पांडे या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने हेच सांगितलं. किमतीतली मोठी रक्कम गहाण फेडण्यासाठी खरेदीदाराकडे राखून ठेवली होती, तरी गहाण ठेवून घेणाऱ्याला त्याच्यावर व्यक्तिशः दावा लावता आला नाही. गहाण मिळकतीवरचा तुमचा हक्क कायम राहतो, तो वेगळा. नंतर सुप्रीम कोर्टानेही एम. सी. चाको विरुद्ध स्टेट बँक ऑफ त्रावणकोर या निकालात घरातल्या दस्तात कर्जफेडीचा उल्लेख आहे म्हणून बँकेला त्यावर उभं राहू दिलं नाही.

खरेदीदाराने तुम्हाला पत्र लिहून ‘हप्ते मी भरतो’ असं कळवलं होतं का, किंवा काही हप्ते स्वतःच्या नावाने भरले होते का? तसं असेल तर चित्र बदलतं. तिसऱ्या माणसापुढे स्वतः कबुली दिली की ‘तू परका’ म्हणायची सोय उरत नाही. अनुवादिनी, तुमच्या धाकट्याने आत्याला सुरुवातीला पैसे दिले, ते कोणत्या नावाने दिले हेही म्हणून बघा.

अनुवादिनी

बँकेत तिच्या खात्यावर दरमहा जमा केलेत. निकालात त्याचा एका वाक्यात उल्लेख आहे.

घाटमाथा

मीही वकिली करते. सातारकरांशी एका ठिकाणी मतभेद. ‘उत्पन्नातून’ एवढ्या शब्दांनी दुकानावर बोजा बसतो, असं मी धरणार नाही. तो पैसा कुठून यायचा याचा निर्देश आहे. दुकान त्या रकमेला तारण आहे, हा हेतू दस्तातून दिसायला हवा, आणि दस्त नोंदलेला हवा. फरक पडतो: बोजा असेल तर दुकान हातात आहे, थकबाकीसाठी बारा वर्षांची मुदत मिळते. नसेल तर तीन वर्षांतली थकबाकीच हाती लागेल. आणि धाकट्याने दुकान विकलं, तर बोज्याची माहिती नसलेल्या प्रामाणिक खरेदीदाराला तो लागूच होत नाही.

दिवाणी सातारकर

बोज्याबद्दल तुमचं म्हणणं बळकट आहे, मी ते गृहीत धरून बोललो नव्हतो. माझा भर 15(ग) वर आहे. हे सगळं सोपं करायला 1958 साली विधी आयोगाने तेराव्या अहवालात करार कायद्यात नवं कलम 37-अ सुचवलं होतं, ज्याच्या भल्यासाठी करार आहे त्याला दावा लावू द्यावा म्हणून. ते आजही कायद्यात नाही. इंग्लंडने मात्र 1999 मध्ये तसा कायदा केला.

माळरान

मग शब्द काय ठरला? ‘करारपक्षत्व’? ‘करारसंबंध’?

घाटमाथा

‘करारसंबंध’ ढिला वाटतो, आत्याचाही कराराशी संबंध आहेच. ‘पक्षसंबंध’ लिहिलं तर वकिलाला कळेल, वाचकाला कळेलच असं नाही.

अनुवादिनी

मी तूर्त ‘करारातील पक्षसंबंध’ लिहिते. पहिल्या ठिकाणी ‘म्हणजे वचन देणारा आणि ते घेणारा यांच्यातलं नातं’ असं वाक्य जोडेन. एक शेवटचं: दस्ताच्या तळाशी आत्याचा अंगठा आहे, ‘संमती देणार’ म्हणून. त्याने ती लिहून घेणार होते का?

दिवाणी सातारकर

आपोआप होत नाही. संमती देणार म्हणजे मी हरकत घेणार नाही एवढंच, वचन तिला दिलं असं नाही. पण मजकुरात ‘आत्यास देईन असे लिहून देतो’ असं कुठे आत्याला उद्देशून वाक्य असेल, तर त्या अंगठ्याचं वजन वाढतं. ते वाक्य मूळ दस्तात जसंच्या तसं शोधून पाहा, निकालातल्या सारांशावर जाऊ नका.