चलनवाढ, भाववाढ, अतिचलनवाढ: नेमका शब्द कुठला?

शब्दवेडी
पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीवरचा एक लेख मराठीत आणते आहे. त्यात ‘हायपरइन्फ्लेशन’ पानोपानी येतं. अतिचलनवाढ, महाचलनवाढ, बेसुमार भाववाढ असे तीन शब्द समोर आहेत आणि आतापर्यंत ‘अतिचलनवाढ’वर भागवत होते. पण एका वाक्याशी गाडी अडली. लेखक म्हणतो की 1923 मध्ये भाव नोटांपेक्षा कितीतरी वेगानं चढले. आता ‘चलनवाढ चलनापेक्षा वेगानं झाली’ असं लिहिलं तर वाचणारा मलाच वेड्यात काढेल. काय करावं?

रोखठोक
यात अडण्यासारखं काय आहे? सरकारकडे पैसे नव्हते, नोटा छापल्या, भाव वाढले. चलन वाढलं म्हणून चलनवाढ. दुप्पट नोटा तर दुप्पट भाव, शंभरपट नोटा तर शंभरपट भाव. ‘भाव नोटांपेक्षा वेगानं चढले’ हे वाक्यच मला संशयास्पद वाटतं. मूळ लेख एकदा नीट तपासा.

हिशेबनीस
लेख बरोबर आहे, रोखठोक. तुमचं पहिलं वाक्यही बरोबर आहे, पण ते दुप्पट-दुप्पटचं गणित जर्मनीत एकाही टप्प्यावर जमलं नाही.

आधी नोट बाजारात यायची कशी ते बघू. पगार द्यायला तिजोरीत पैसे नाहीत, म्हणून अर्थखातं अल्पमुदतीची सरकारी हुंडी काढायचं आणि राइशबँकेकडे, म्हणजे त्यांच्या मध्यवर्ती बँकेकडे न्यायचं. बँक ती वटवायची आणि तेवढी रक्कम सरकारच्या खात्यावर जमा करायची. त्या खात्यातून पगार आणि कंत्राटदारांची बिलं भागायची आणि लागतील तशा नोटा बाहेर पडायच्या. मुदत भरली की जुनी हुंडी नव्या हुंडीनं फेडायची. ऑगस्ट 1914 मध्ये युद्ध सुरू होताच नोटेच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं गेलं. त्याच वेळी कायदा बदलून या सरकारी हुंड्या नोटांचं तारण म्हणून धरायला बँकेला मोकळीक दिली गेली. म्हणजे सरकारनं जितकं उसनं घ्यावं तितकं नोटांना ‘तारण’ वाढत जाणार!

युद्धाच्या वर्षांत नोटा भावांपेक्षा जास्त वाढल्या. युद्ध संपेल, भाव उतरतील या आशेवर लोक नोटा जवळ ठेवत होते. 1922 च्या उन्हाळ्यात हे उलटलं. जूनमध्ये परराष्ट्रमंत्री राटेनाऊ यांचा खून झाला, परदेशी कर्जाची बोलणी फिसकटली, आणि जर्मनीचं चलन मार्क सावरेल हा विश्वास गेला. युद्धापूर्वी 4.2 मार्कांना मिळणारा डॉलर जुलै 1922 मध्ये सरासरी 493 मार्कांवर होता. जानेवारी 1923 मध्ये तो 17,972 वर गेला. हातात आलेली नोट संध्याकाळपर्यंत ठेवणं म्हणजे नुकसान, हे एकदा लोकांना कळलं की तीच नोट दिवसातून चार हात फिरते. मग नवी नोट न छापताही भाव चढतात. शब्दवेडीताईंचं वाक्य नेमकं याबद्दल आहे.

नाणेजमा
चांगला विषय निघालाय म्हणून विचारतो. माझ्या संग्रहात एक जर्मन नोट आहे. मुळात 1000 मार्कांची, तारीख 15 डिसेंबर 1922, आणि तिच्यावर आडवा-तिरका लाल शिक्का मारून ‘आइने मिलियार्डे मार्क’ असं छापलंय. शिक्का खरा असेल ना? आजच्या बाजारात काय किंमत येईल?

हिशेबनीस
किंमतीचं संग्राहकांना विचारा. पण असे शिक्के राइशबँकेनंच मारलेत, 1923 च्या शरदात. हजाराची नोट छापून बाहेर काढेपर्यंत तिच्यात काही येईनासं झालं, म्हणून तयार साठ्यावर नवा आकडा उमटवला. म्हणजे हजाराच्या नोटेचे शंभर कोटी झाले. त्याच वर्षीच्या बऱ्याच नोटा एकाच बाजूला छापलेल्या दिसतात, मागची बाजू कोरी. तेवढीच शाई आणि वेळ वाचला.

शब्दवेडी
मिलियार्डे म्हणजे शंभर कोटी? मग माझ्या लेखातले ‘बिलियन’ कुठले समजायचे?

जुना वाचक
हा प्रश्न विचारलात ते बरं झालं, भलेभले इथे आपटतात. जर्मन मिलियार्डे म्हणजे आपलं अब्ज. जर्मन ‘बिलियोन’ म्हणजे मात्र लाख कोटी. तुमचा लेख इंग्रजीतला असेल तर त्यातला बिलियन बहुतेक अब्ज असेल, आणि लेखकानं जर्मन कागदांवरून आकडा तसाच उचलला असेल तर हजारपट फरक पडेल. प्रत्येक आकडा डॉलरच्या त्या दिवशीच्या भावाशी ताडून घ्या.

जाता जाता, आपल्या जुन्या मोजणीत अब्जानंतर खर्व, निखर्व, महापद्म असे करत परार्धापर्यंत जातात, म्हणजे एकावर सतरा शून्यं. 15 नोव्हेंबर 1923 ला जर्मनीत जेवढ्या रकमेच्या नोटा फिरत होत्या ती नऊशे परार्धांच्याही वर भरते. मोजणीची यादी करणाऱ्यांनी परार्धावर थांबताना असा काही प्रसंग धरला नसावा.

रोखठोक
म्हणजे माझंच म्हणणं सिद्ध झालं की! नऊशे परार्ध छापल्या म्हणून भाव गगनाला भिडले.

हिशेबनीस
आता तीच रक्कम सोन्याच्या मार्कांत, म्हणजे युद्धापूर्वीच्या मार्काच्या किंमतीत मोजा. युद्धापूर्वी देशात फिरणारा पैसा साधारण 600 कोटी सोन्याच्या मार्कांएवढा होता. त्या नऊशे परार्धांची किंमत 20 कोटींच्याही खाली आली. नोटांचे डोंगर, आणि खरेदी करायला पैसा आधीच्या तिसाव्या हिश्शाहून कमी. व्यापारी, कारखानदार, पालिका सगळ्यांची तेव्हाची ओरड ‘नोटा पुरत नाहीत’ हीच होती, आणि ती खोटी नव्हती.

राइशबँकेचे अध्यक्ष हाफेनश्टाइन यांनी ती ओरड शब्दशः घेतली. ऑगस्ट 1923 मधल्या भाषणात ते सांगतात की बँक सध्या रोज 20 लाख कोटी मार्कांच्या नव्या नोटा काढते आहे, पुढच्या आठवड्यात रोज 46 लाख कोटी काढेल. एकूण चलन तेव्हा 63 लाख कोटी होतं. लवकरच एका दिवसात एकूण चलनाच्या दोन तृतीयांश नोटा काढता येतील, हे त्यांनी कर्तबगारी म्हणून सांगितलं. माणूस अप्रामाणिक नव्हता. त्यांच्या मते भाव मार्क घसरल्यामुळे वाढले होते आणि नोटा भावांच्या मागे धावत होत्या. बँकेचा व्याजाचा दर जुलै 1922 पर्यंत 5 टक्के होता. अशा काळात 5 टक्क्यांनी पैसे उचलून माल भरून ठेवणारे कारखानदार काय कमावून गेले असतील याचा विचार करा.

मंजिरी
मी कर-सल्लागार आहे, त्यामुळे एक बाजू सुचते. कर ठरतो एका दिवशी आणि भरला जातो काही महिन्यांनी. भाव रोज चढत असतील तर उशिरा भरणाऱ्याचीच चंगळ. माझे काही अशील साध्या काळातही शेवटच्या तारखेला जिवाला जपतात तसं जपतात, तेव्हा तर विचारायलाच नको.

हिशेबनीस
मुद्दा नेमका पकडलात, चक्र इथेच पूर्ण होतं. वरचेच आकडे घ्या. जुलै 1922 मध्ये ठरलेला कर जानेवारी 1923 मध्ये भरला तर मार्कांत रक्कम तीच, पण डॉलरांत सरकारच्या हाती आले शंभरातले तीनसुद्धा नाहीत. खर्च मात्र त्या दिवशीच्या भावानं. म्हणजे भाववाढीनं कर खाल्ला, तूट वाढली, तूट भरायला आणखी हुंड्या, हुंड्यांवर आणखी नोटा. सुरुवातीला छापल्यामुळे तूट भागते; या टप्प्यावर छापल्यामुळेच तूट वाढते. माझ्या मते ‘अति’ हा उपसर्ग इथून पुढे लावावा.

जुना वाचक
अर्थशास्त्रात मात्र वेगळी रेघ आहे. फिलिप केगन यांनी 1956 मध्ये महिन्याला 50 टक्के भाववाढ ही सीमा धरली. ऐकायला बेताची वाटते, पण तसं वर्षभर चाललं तर भाव जवळपास 130 पट होतात. रेघ सोयीसाठी ओढलेली आहे हे खरं, पण सगळे तीच वापरतात, त्यामुळे ‘अति’ला माझा आक्षेप नाही. ‘महा’ नको, उगाच गौरवाचा वास येतो.

रोखठोक
आणि विजेत्यांनी लादलेली नुकसानभरपाई? रूरच्या कोळशाच्या खोऱ्यात घुसलेलं फ्रेंच सैन्य? ते कोणीच काढत नाही.

हिशेबनीस
काढायलाच हवं. जानेवारी 1923 मध्ये फ्रेंच आणि बेल्जियन सैन्य रूरमध्ये शिरलं, जर्मन सरकारनं तिथल्या कामगारांना असहकार करायला सांगितलं आणि त्यांचे पगार स्वतः द्यायचे ठरवले. कोळशाचं उत्पन्न गेलं आणि पगारांसाठी पुन्हा छापखानाच. भरपाई नोटांत चालत नव्हती, त्यासाठी मार्क विकून परकी चलन घ्यावं लागे, त्यानं मार्क आणखी पडे. आधी भरपाई की आधी छपाई, यावर तेव्हापासून भांडण आहे आणि मी ते इथे मिटवणार नाही. एवढं मात्र दिसतं, की भरपाईचा प्रश्न लटकत असतानाच भाववाढ थांबली.

शब्दवेडी
थांबली कशी?

हिशेबनीस
15 नोव्हेंबर 1923 ला रेंटेनमार्क हे नवं चलन आलं, एकाला लाख कोटी कागदी मार्क असा भाव. नव्या नोटेपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याच दिवसापासून राइशबँकेनं सरकारी हुंड्या वटवणं बंद केलं, आणि रेंटेनमार्क काढणाऱ्या नव्या बँकेनं सरकारला किती द्यायचं यावर 120 कोटी रेंटेनमार्कांची मर्यादा होती. सरकारी नोकरांत पाव भाग कपातीचा हुकूम ऑक्टोबरमध्येच निघाला होता. 20 नोव्हेंबरला डॉलर 4.2 लाख कोटींवर थांबला. हाफेनश्टाइन त्याच दिवशी वारले.

आता रोखठोकांसाठी खास. डिसेंबरअखेर जुन्या कागदी नोटांचं चलन 15 नोव्हेंबरच्या पाचपटीहून जास्त झालं होतं, रेंटेनमार्क वेगळे. भाव मात्र जागेवर. नोट टिकेल असं वाटताच लोक पुन्हा ती जवळ ठेवू लागले आणि त्या नोटा तिथे जिरल्या. यातल्या वाढीमागे सरकारचा खर्च नव्हता, हाही फरक.

रोखठोक
पाचपट नोटा आणि भाव जागेवर? पचायला वेळ लागेल. छपाईशिवाय हे सगळं सुरूच झालं नसतं, एवढं तरी माझं राहू द्या.

हिशेबनीस
तेवढं तुमचं.

शब्दवेडी
मग मी असं करते. भाव चढण्याला सगळीकडे ‘भाववाढ’, टोकाच्या अवस्थेला ‘अतिभाववाढ’. ते अडलेलं वाक्य ‘भाव नोटांपेक्षा वेगानं चढले’ असं साधंच ठेवते. पण डिसेंबर 1923 च्या त्या पाचपट नोटांना काय म्हणू? ‘चलनवाढ’ लिहिलं की वाचणारा भाव वाढले असंच धरणार.

जुना वाचक
‘चलनात वाढ’ लिहा. दोन सुटे शब्द.

शब्दवेडी
मुद्रितशोधक ते जोडून टाकतील, त्याची धास्ती आहे.