मदत हवी आहे: दोन प्रवेशद्वारांच्या नोंदी जोडताना पाहुणे दुबार मोजले जाऊ नयेत

मालवणजवळच्या आमच्या संमेलनात रेंज नसल्यामुळे रस्त्याकडील आणि किनाऱ्याकडील दारांवर दोन मोबाइलमध्ये स्वतंत्र नोंदी झाल्या. नोंदीत पास क्रमांक, आत आलेली माणसे आणि वेळ आहे. नावे नाहीत, बाहेर जाणाऱ्यांची नोंदही नाही. एका दारावर प्रत्येक पास एकदाच नोंदला असून दोन्ही घड्याळे जुळतात.

पास क्रमांकावरून दुबार ओळी काढल्या, तर दोन दारांनी विभागून आलेल्या कुटुंबातील काही माणसे गळतात. चार जणांच्या पासवर दोन्हीकडे चार असतील, तर तीच माणसे पुन्हा आली हे उघड आहे. परंतु पाच जणांच्या पासवर रस्त्याकडे तीन आणि अर्ध्या तासाने किनाऱ्याकडे दोन असतील, तर एकूण पाच, की तिघांपैकीच दोघे फिरून आले? अशा पासांसाठी किमान तीन आणि कमाल पाच असे दोन्ही आकडे द्यावेत, की वेळेच्या अंतरावरून एकच आकडा ठरवण्याची खात्रीलायक पद्धत आहे?