नोकरीतली गॅप आणि चान्सनकार्डाचं पत्र : अनुभव लिहा

रानजाई
नणंदेच्या मुलीने काल चान्सनकार्डाच्या अर्जासोबत जोडायचं तिचं पत्र वाचायला पाठवलं. साडेतीन पानं, त्यातलं निम्मं सासूबाईंच्या आजारपणावर. मला माझं २०२४ च्या नोव्हेंबरातलं पत्र आठवलं.

मी सिव्हिलवाली. पुण्यात स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे होते. बाबांना पॅरालिसिस झाला म्हणून ऑगस्ट २०२१ अखेर नोकरी सोडली. चान्सनकार्ड म्हणजे जर्मनीत जाऊन नोकरी शोधायचा परवाना, त्याला सहा गुण लागतात. वय ३६ चा एक, जर्मन बी१ चे दोन, इंग्रजी सी१ चा एक, सिव्हिल तुटवड्याच्या यादीत म्हणून एक. पाच झाले. अनुभवाचे दोन हवे तर गेल्या पाच वर्षांत दोन वर्षं आपल्याच क्षेत्रातलं काम दिसायला हवं. नोव्हेंबर २०१९ पासून मोजलं तर नोकरीचे बावीसच महिने भरत होते. म्हणजे गॅपचं कारण कितीही रडवेलं लिहिलं असतं तरी गुण तिथेच राहिले असते.

पण २०२२ मध्ये जुन्या साहेबांना चार महिने घरून आरसीसी ड्रॉइंग करून दिली होती. पत्रात ती गॅपमध्ये न बुडवता महिन्यांसकट वेगळी लिहिली. सोबत साहेबांचं पत्र, बिलं आणि फॉर्म २६एएस, कारण त्यांनी १९४जे खाली टीडीएस कापला होता. बाबांबद्दल दोन वाक्यं आणि डिस्चार्ज समरीचं पहिलं पान. कार्ड मिळालं.

लिहा तुमचं. पोरीला दाखवायचंय.

खिचडी_पापड
माझ्या मुलाची बारावीनंतर एक वर्ष गॅप आहे, यूकेला चालेल का??

रानजाई
अहो, इथे नोकरीच्या गॅपचं चाललंय. यूकेचं मला काही माहीत नाही.

गोदाकाठ
पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर ॲफिडेव्हिट करून जोडा, नोटरीसकट. आमच्या मेहुण्याने तेच केलं. गॅपचा विषयच संपतो.

बर्फातला_बंड्या
गोदाकाठ, ॲफिडेव्हिटने गॅप का होती ते कळेल, त्यात काम केलंत हे सिद्ध होत नाही. त्याला कराराचा किंवा पैशाचा माग हवा. बंदी नाही, जोडा हवं तर.

रानजाई, पोरीला दोन गोष्टी सांगा. एक, पाच वर्षं अर्जाच्या वेळेपासून मागे मोजतात. नोकरी सध्या बंद असेल तर ती जितकं लांबवेल तितके जुने महिने मागून गळत जातील. तुमच्यासारखे बावीस असतील तर पुढच्या दिवाळीला दहाच उरतील. पत्र घासूनपुसून घेण्यात वर्ष घालवू नये.

दोन, तारखा. माझ्या बायकोच्या रिलीव्हिंग लेटरवर ३१ मार्च, ईपीएफओच्या सर्व्हिस हिस्टरीत बाहेर पडल्याची तारीख फेब्रुवारी, आणि बायोडेटात नुसतं वर्ष. मुलाखतीला पहिला प्रश्न तोच. कंपनीकडून पीएफची तारीख दुरुस्त करून घेताना नाकी नऊ आले. जर्मन बायोडेटा महिना-वर्ष असा सलग लागतो, मधला रिकामा काळसुद्धा एका ओळीत लिहायचा. पत्र त्याच तारखा सांगणार, नवीन काही नाही.

सुमीआई
बाबा कसे आहेत आता?

रानजाई
काठी घेऊन सोसायटीत एक चक्कर मारतात. आई वैतागते, कारण चक्कर वडापावच्या गाडीपर्यंत असते 😀

तळ्यात_मळ्यात
गुणबिण कशाला मोजताय? अनाबिन म्हणजे परदेशी विद्यापीठांची जर्मन यादी, तिथे आपलं विद्यापीठ एच प्लस म्हणजे मान्य असलं की झालं, थेट फाखक्राफ्ट म्हणजे कुशल कर्मचारी म्हणून धरतात.

बर्फातला_बंड्या
अर्धंच बरोबर. विद्यापीठाबरोबर तुमची पदवीही तिथे समकक्ष दिसायला हवी. दोन्ही असेल तर गुणांची भानगड नाही, मग गॅप नुसती समजावण्यापुरती उरते. पदवी सापडत नसेल तर झेडएबी या परदेशी पदव्या तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाकडून मूल्यांकन करून घ्या.

रानजाई
माझं विद्यापीठ होतं, पदवीची नोंद नव्हती. झेडएबीची वाट बघत बसले असते तर महिने गळाले असते.

कैरीचं_पन्हं
मी वेगळं केलं. गॅप सहा वर्षांची, दोन मुलं, अनुभवाचा एकही गुण नाही. तो नाद सोडून बी२ केलं, तिथे तीन गुण मिळतात. पत्रात लिहिलं, २०१८ ते २०२४ मुलांचं संगोपन, आणि मग पूर्ण पान आता कुठे नोकरी शोधणार, कोणत्या शहरात, कोणत्या प्रकारच्या कंपन्यांत. मुलाखतीत गॅपबद्दल चकार शब्द नाही, सगळे प्रश्न त्या पानावर.

सुमीआई
दोन मुलं सांभाळून बी२! कधी अभ्यास करायचीस गं?

कैरीचं_पन्हं
पहाटे. डेर-डी-डास म्हणत पोळ्या. धाकटा अजून दाराला डी ट्यूर म्हणतो.

गोदाकाठ
रोज दोन-तीन तासच काम केलं असेल तर तो महिना पूर्ण धरतात का? बहिणीचं तसं आहे, ट्युशनसारखं ऑनलाइन शिकवते.

बर्फातला_बंड्या
शिकवणं तिच्या पदवीशी जुळतं का? ते आधी. अर्धवेळेचं एकाला धरलेलं बघितलंय, एकाला तास विचारले. दूतावासालाच मेल टाका.

गोदाकाठ
एम.एस्सी. केमिस्ट्री, शिकवते दहावीचं गणित.

बर्फातला_बंड्या
अवघड आहे मग.

खिचडी_पापड
यूकेचा वेगळा धागा काढू का?