फ्रीजमधून काढलेले केफिरचे दाणे: धुवायचे की नाही?

सहकारनगरची
१२ दिवस गावाला गेले होते, जाताना केफिरचे दाणे अर्धी वाटी दुधात घालून फ्रीजमध्ये ठेवले. परवा आले, नळाखाली खळखळून धुतले आणि अर्धा लिटर म्हशीच्या दुधात टाकले. ३६ तास झाले तरी दूध पातळच आहे, वर नुसती साय धरलीये आणि दाणे बुळबुळीत लागतायत. मेले का? आणि दर वेळी धुवायचे असतात की नाही, दोन मैत्रिणींनी दोन गोष्टी सांगितल्या.

औंधकर
बुळबुळीत झाले म्हणजे बिघडायला लागलेत, तो थर धुऊन काढलाच पाहिजे. मी ४ वर्षं झाली, रोज गाळलं की धुतो, उकळून गार केलेल्या पाण्याने, आणि अजून एकदाही बुरशी आली नाही. आपल्याकडची हवा, माशा, धूळ, सगळं बघता न धुता तसंच पुढच्या दुधात टाकणं मला तरी पटत नाही. आणि फ्रीजमध्ये ठेवू नका, थंडीने मरतात ते, शेजाऱ्यांकडे द्यायचे होते सांभाळायला.

कोथरूड_दाणे
थांबा, टाकून देऊ नका, मेलेले नाहीत. तुम्ही १२ दिवसांच्या झोपेतून उठवून एकदम अर्धा लिटर दूध पुढे ठेवलंत, तेवढं त्यांना आज झेपणार नाही एवढंच झालंय.

आधी तो चिकटपणा. दाणा बनलेलाच असतो त्याचा, केफिरान म्हणतात, दाण्यातले बॅक्टेरियाच ते तयार करतात आणि त्यातच बॅक्टेरिया आणि यीस्ट एकत्र राहतात. दोन बोटांत दाबून बघा, वरून निसरडा पण आत रबरासारखा टणक, दाबून सोडला की परत फुगतो, असा असेल तर दाणा चांगला आहे. बोटांत पिठासारखा कुस्करला जात असेल, आत काही धरच नसेल, तर तो कमजोर. बुळबुळीत आणि कुस्करणारा ह्यात फरक आहे, लोक हे दोन एक समजतात आणि चांगले दाणे घासून घासून बारीक करून टाकतात.

आता आज काय करायचं. ते दूध ओतून द्या, पिऊ नका, कारण ३६ तास बाहेर राहून आंबट न झालेलं दूध म्हणजे नासायच्या वाटेवरचं दूध. दाणे गाळा, धुऊ नका, वर साय चिकटली असेल तर चमचाभर दुधात हलवून घ्या. किचन काटा असेल तर वजन करा. मग फक्त १०० मिली दूध, तापवून पूर्ण गार झालेलं, बोटाला कोमट सुद्धा लागायला नको, वरची साय काढून. जमलं तर ४-५ दिवस गायीचं घ्या, म्हशीच्या दुधाची साय दाण्यांभोवती गुंडाळते आणि मग आतपर्यंत दूध पोचतच नाही. २४ तासांनी जमलं असो नसो, गाळा आणि ताजं १०० मिली घाला. असं ३-४ दिवस. दूध २४ तासांच्या आत जमायला लागलं की मग १५०, २०० असं वाढवा, उडी मारू नका.

फ्रीजबद्दल औंधकरांशी सहमत नाही. थंडीत ते मरत नाहीत, मंदावतात. पण मंदावतात म्हणजे थांबत नाहीत, दूध हळूहळू आंबट होतच असतं आणि साखर संपत असते, म्हणून आठवड्याने दूध बदलावं लागतं. तुम्ही अर्ध्या वाटीत ठेवलंत तिथे थोडं कमी पडलं. पुढच्या वेळी १ चमचा दाण्यांना १ मोठी वाटी ताजं दूध, झाकण सैल, फ्रीजच्या मागच्या भागात. २ आठवडे बिनघोर जातात. ३-४ आठवड्यांनी पण उठलेत माझ्याकडे, पण मग पूर्ण ताकदीला यायला तेवढे दिवस लागतात.

हडपसर_मगर
माझी वेगळीच भानगड होती, सांगतो, कुणाला उपयोग होईल. मागच्या मे महिन्यात ओट्यावर बरणी, घरात ३३-३४ डिग्री, सकाळी ठेवलं की संध्याकाळी खाली पिवळं पाणी आणि वर दह्याचा गोळा, वास ताडीसारखा. मला वाटलं दाणे जोरात आहेत, उलट खूष होतो. १५ दिवसांत फुलकोबीच्या तुऱ्याएवढे दाणे साबुदाण्याएवढे झाले आणि वाढ बंद. जमत होतं पटकन, पण दाणे मात्र झिजत होते, हे लक्षात यायला उशीर झाला.

कोथरूड_दाणे
बरोबर, आणि हे लक्षण सगळ्यात फसवं. उकाड्यात यीस्टला जोर येतो, बॅक्टेरिया मागे पडतात, आणि आंबट झालेल्या दुधात दाणा तासन् तास पडून राहिला की खंगतो. म्हणून दूध किती लवकर फाटतं ह्यावरून ताकद ठरवू नये, दाण्याचं वजन आठवड्यात वाढलं का ते बघावं. उन्हाळ्यात दुधाच्या मानाने दाणे कमी करा, अर्धा लिटरला १ चमचा पुरे, बरणी पाण्याच्या परातीत ठेवा आणि वरून ओलं फडकं, आणि बरणीच्या कडेला पहिली पाण्याची रेघ दिसली की लगेच गाळा. उरलेले दाणे फ्रीजमध्ये पाळीने विश्रांतीला.

नवी_पेठ
मी तर गुळाच्या पाण्यात ठेवते, आठवड्याने गूळ बदलते, छान राहतात, तुम्ही दुधात का घालता? धुवायला पण लागत नाही. माझे एकदम पारदर्शक आहेत, खडीसाखरेसारखे.

कोथरूड_दाणे
ते पाण्याचे दाणे, वेगळेच असतात, साखरेवर जगतात. सहकारनगरच्या ताईंचे दुधाचे, पांढरे. ते गुळाच्या पाण्यात टाकू नका कुणी, त्यांची वाढच थांबेल.

औंधकर
फ्रीजचं मान्य, मी कधी ठेवून पाहिलेलं नाही, ऐकून होतो. पण धुण्याचं पटलेलं नाही. तुम्ही म्हणता थर धुऊ नका, मग जुनं आंबट, बुरशीचे कण, साय, सगळं पुढच्या दुधात जाणार. माझे दाणे ४ वर्षं आहेत ही पण गोष्ट आहेच ना.

कोथरूड_दाणे
एक विचारते, रागावू नका. ४ वर्षांत दाणे किती वाढले? कुणाला वाटलेत का?

औंधकर
वाढले नाहीत फार. २ चमचे होते, २ चमचेच आहेत. मला तेवढेच लागतात म्हणून कधी विचार केला नाही.

कोथरूड_दाणे
माझे ३-४ आठवड्यांत दुप्पट होतात, दर महिन्याला कुणीतरी घेऊन जातं. धुतल्याने लगेच मरतात असं मी म्हणत नाही, पण वरचा जो थर पुढच्या दुधाला आंबट करायला सुरुवात करतो तोच रोज काढून टाकला तर दाणा पहिले काही तास परत शून्यापासून सुरू करतो. ते थोडं जुनं आंबट सोबत जातं ना, तेच नव्या दुधाचं राखण करतं, दुसरं काही वाढायच्या आत दूध आंबट होतं. नळाच्या पाण्यात तर क्लोरीन, ते जंतू मारायलाच घातलेलं असतं. तुम्ही उकळून गार करता म्हणून तुमचे टिकलेत. गरम पाण्याने मात्र कधीच नाही, केफिरान गरम पाण्यात विरघळतं, लॅबमध्ये ते वेगळं काढतात ते ह्याच पद्धतीने.

धुवायची वेळ माझ्याकडे एकच, दाणे जमिनीवर सांडले किंवा मुंगी पडली तर. तेव्हा उकळून गार केलेलं पाणी, एकदा, हलक्या हाताने. आणि गुलाबी, केशरी, काळा डाग किंवा कापसासारखी लव दिसली तर धुऊन वाचवायचं नाही, सगळे टाकायचे, बरणी उकळायची. पिवळसर झाले तर घाबरू नका, तो फॅटचा रंग असतो बऱ्याचदा.

हडपसर_मगर
कॉकेशसमध्ये चामड्याच्या पिशवीत वर्षानुवर्षं दूध घालत राहायचे म्हणतात, कोण धुवत होतं तिथे.

औंधकर
तिथली हवा आणि पुण्याचा मे सारखा नाही हो. माझा मुद्दा तोच आहे.

सहकारनगरची
६ दिवसांनी लिहितेय, सगळं सांगते. वजन केलं, १८ ग्रॅम भरले. पहिल्या दिवशी १०० मिली गायीचं दूध, २४ तासांनी काहीच नाही, वास नुसता कच्च्या दुधाचा, ओतलं. दुसऱ्या दिवशी बरणी हलवली तर तळाला जाडसर, चव किंचित आंबट, पण ते पण ओतलं, धीर नाही झाला. तिसऱ्या दिवशी २० तासांत जमलं, चमचा घातला तर पातळ ताकापेक्षा घट्ट, वास मस्त, ताज्या दह्याला जरासा पावाचा वास यावा तसा. ते धिरड्याच्या पिठात घातलं. चौथ्या दिवशी १५० केलं, काल २००, आज सकाळी १६ तासांत कडेला पाण्याची रेघ आली. वजन २० ग्रॅम. दाबून बघितले, टणक आहेत. ह्यातलं काही पाण्याने धुतलं नाही, नुसतं गाळणीत हलवलं. गाळणी स्टीलची आहे, चालते ना?

कोथरूड_दाणे
चालते, स्टीलला काही होत नाही, तांबं पितळ अल्युमिनियम नको. २० ग्रॅम म्हणजे छान. पण ओलं वजन आहे, दुधाचे थेंब किती निथळले त्यावर १ ग्रॅम इकडेतिकडे होतं, म्हणून दर वेळी तेवढाच वेळ निथळू द्या, मी ५ मिनिटं धरते. म्हशीच्या दुधावर परत जायचं असेल तर अर्धं अर्धं करून जा, एकदम नको.

औंधकर
मी पण करून बघितलं. दाणे दोन बरण्यांत वाटले, दोन्हीत १० ग्रॅम आणि ३०० मिली, एक बरणी रोज धुतलेल्या दाण्यांची, दुसरी न धुतलेल्या. ७ दिवस. न धुतलेली रोज ३-४ तास आधी जमली, हे खरं आहे, मान्य. पण चव धुतलेलीची सौम्य, घरात सगळ्यांना तीच आवडली, नातू दुसरी पीतच नाही. आणि वजन, धुतलेले १० चे १० च, न धुतलेले ११. आता ती १ ग्रॅम निथळण्याची की वाढीची, कोथरूड ताईंनीच वर लिहिलंय तसं, मला कळत नाही.

कोथरूड_दाणे
७ दिवस कमी आहेत. महिनाभर चालवा, मग वजन सांगेल. सौम्य हवं असेल तर न धुता २ तास आधी गाळून बघा, नातवाला फरक कळतो का ते पण बघा.

औंधकर
आज गुरुवार. न धुतलेली बरणी आजपासून २ तास आधी गाळतो, धुतलेली तशीच. पुढच्या महिन्यात दोन्ही वजनं इथेच टाकतो.