रिक्रूटरच्या प्रोफाइलवरचा '५००+ जागा भरल्या' हा आकडा कोणासाठी?

कोथरूडकर: रिक्रूटरच्या लिंक्डइनवर आकडा हवाच. माझ्या हेडलाइनमध्ये 'पॅशनेट टॅलेंट पार्टनर | ५००+ जागा भरल्या' असं आहे. क्लायंट आकडा बघतो, आणि क्लायंट मोठा असला की उमेदवार झक मारत येतात. 'अबाउट' कोणी वाचत नाही.

चाकणची_ताई: 'झक मारत' वाचलं आणि राहवेना. पाचशे जागा कसल्या? बीपीओतले पाचशे फ्रेशर आणि ऑटोसारवर गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहिणारे पाच अनुभवी, यातला फरक क्लायंटला चांगला कळतो. बारा वर्षं पुण्यात एम्बेडेडची भरती करतेय. चांगला उमेदवार आपल्याला शोधत येत नाही. आपला मेसेज गेला की तो नावावर टिचकी मारतो आणि बघतो, या बाईला माझं काम कळतं का. हेडलाइनला २२० अक्षरं मिळतात खरी, पण मोबाईलवर ती मध्येच तुटते. म्हणजे पहिले चार-पाच शब्दच कामाचे, आणि तुम्ही ते 'पॅशनेट'वर घालवलेत.

माझी आता अशी आहे: 'ऑटोमोटिव्ह एम्बेडेड भरती, पुणे | ऑटोसार, फंक्शनल सेफ्टी | ४ ते १२ वर्षं'. बदलल्यावर जावावाल्यांचे सीव्ही यायचे थांबले आणि ज्यांना मेसेज केला ते निदान 'आत्ता नको' एवढं तरी कळवायला लागले.

राहिला क्लायंट. तो विचारतो, ऑफर दिलेल्यांपैकी रुजू किती झाले? ९० दिवसांच्या नोटिशीत माणूस दुसरी ऑफर खिशात घालतो, सगळी गळती तिथे. माझ्या 'अबाउट'मध्ये लिहिलंय: गेल्या वर्षी १४ ऑफर, ११ रुजू, तिघं का गळले तेही एका ओळीत. ती ओळ वाचून एका प्लांट हेडचा फोन आला होता. कोणी वाचत नाही म्हणे!

सर्चवाला: ताई, एवढं लिहायची गरजच नाही. कीवर्ड भरा, सर्चमध्ये वर या. 'जावा, सॅप, सेल्स, फायनान्स' सगळं टाका.

चाकणची_ताई: कीवर्ड लागतात, मान्य. पण सगळं विकणाऱ्या दुकानात ऑटोसारवाला शिरत नाही.

बेंचवरचा: हेडलाइन गेली खड्ड्यात. प्रोफाइलवर 'कँडिडेट फर्स्ट' लिहिलेल्या एका बाईंनी माझ्या पाच फेऱ्या घेतल्या आणि नंतर फोन उचलला नाही. पगाराची रेंज विचारली तर 'इंडस्ट्री स्टँडर्ड'. हे लिहा की प्रोफाइलमध्ये!

कोथरूडकर: आणि तुमचे लोक? माझा एक उमेदवार रुजू व्हायच्या दिवशी फोन बंद करून बसला. आमची फी वर्षाच्या सीटीसीच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार, आणि तीही माणूस रुजू झाल्यावर. तो आलाच नाही, म्हणजे तीन महिन्यांचं काम फुकट. ९० दिवसांत सोडून गेला तर बदली माणूस फुकटात द्यायचा. आमच्यासाठी कोण रडतं?

बेंचवरचा: मग प्रत्येक फेरीनंतर दोन ओळी कळवल्या असत्यात तर तो बंद करून बसला असता का?

कोथरूडकर: तुम्ही त्याचे वकील आहात का?

सदाशिवकाका: माझ्या भाच्याचं मेकॅनिकल झालंय, नाशिकला असतो. सीव्ही कुठे पाठवू?

चाकणची_ताई: काका, फ्रेशर मी घेत नाही, हेडलाइनवरच आहे. (बघा, उपयोग होतो.)

बेंचवरचे, तुमचं दुखणं खरं आहे, आणि ते प्रोफाइलमध्ये मावतं. माझं पहिलं वाक्य: 'बजेटची रेंज पहिल्याच फोनवर सांगते, मुलाखतीनंतर पाच कामाच्या दिवसांत होकार किंवा नकार कळवते.' पण पाळता येत असेल तरच लिहावं. गेल्या दिवाळीत क्लायंटनेच तीन आठवडे लावले आणि एका उमेदवाराने मला माझंच वाक्य फोटो काढून पाठवलं.

आणखी एक. 'अमुक कंपनीतून ४० इंजिनिअर काढले' असं मी एकदा फुशारकीने लिहिलं होतं, नावासकट. नव्या क्लायंटने पहिल्याच बैठकीत विचारलं, उद्या आमच्याकडचे काढाल का? करारात आमची माणसं हलवायची नाहीत असं कलम घातलं, तेव्हा गाडी पुढे सरकली. तेव्हापासून कंपन्यांची नावं काढून 'टियर वन पुरवठादार' एवढंच ठेवते.

सर्चवाला: पण नाव नाही तर क्लायंटला खरं कसं वाटेल?

चाकणची_ताई: क्लायंटची परवानगी घेऊन एक-दोन रेकमेंडेशन लावते. तरी शंका घेणारे घेतातच, त्यावर इलाज मला सापडलेला नाही.

कोथरूडकर: बरं बाई, 'पॅशनेट' काढला. '५००+' मात्र राहणार, फार कष्टाने मिळवलाय.

बेंचवरचा: त्या पाचशेतल्या किती जणांना उलट फोन केलात, तेही लिहा.